घडीविना काम करणारे प्रथिन : पी-२७

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी. ही साखळी स्वतःभोवती घडी घालून एक स्थिर आकार घेते आणि त्या आकारामुळेच तिला काम करता येते, असे आपण शिकतो. काही प्रथिने मात्र या नियमात बसत नाहीत. ती एकटी असताना सैल दोरीसारखी सतत हालत असतात. मानवी पेशीतील १९८ अमिनो आम्लांचे पी-२७ हे त्यांपैकी एक होय.

घडी नाही हे ओळखायचे कसे? अंडे उकळले की त्यातील प्रथिनांच्या घड्या उलगडतात, आत दडलेले जलविरोधी भाग उघडे पडून एकमेकांना चिकटतात आणि बलक घट्ट होतो. पी-२७ उकळले तरी पाण्यात विरघळलेलेच राहते, कारण उलगडण्याजोगी घडीच त्यात नसते. १९९४ साली ते वेगळे करताना याच गुणाचा उपयोग झाला. अर्थात उष्णता सोसणे हा पुरेसा पुरावा नव्हे. काही घडीबद्ध प्रथिनेही उकळी सोसतात. खात्री चुंबकीय अनुस्पंदनाच्या मापनातून होते.

पी-२७चे काम पेशीविभाजनाला लगाम घालण्याचे आहे. सीडीके-२ हा विकर सायक्लीन-ए या प्रथिनाशी जोडी करून इतर प्रथिनांना फॉस्फेट जोडतो आणि विभाजन पुढे सरकते. पी-२७ची साखळी आधी सायक्लीनला पकडते, मग विकरावर पसरते. पसरतानाच तिच्या काही भागाला आकार येतो. शेवटी ८८व्या जागेवरील टायरोसीन विकराच्या एटीपी बसणाऱ्या खाचेत शिरते आणि काम थांबते.

लगाम सुटतो तोही या सैलपणामुळेच. दुसरा एखादा विकर त्या टायरोसीनला फॉस्फेट जोडतो, तेव्हा ते खाचेतून बाहेर पडते; बाकीची साखळी मात्र जोडीला धरूनच असते. सीडीके-२ अंशतः जागा होतो. पी-२७चे मोकळे शेपूट वळून त्याच्यापर्यंत पोहोचते आणि तो १८७व्या जागेवरील थ्रिओनीनला फॉस्फेट जोडतो. ही खूण पाहून पेशीतील यंत्रणा पी-२७ नष्ट करते. साखळी ताठ असती, तर एकाच रेणूला आधी खाच बुजवणे आणि मग शेपूट पुढे करणे जमले नसते.

१९९६ साली स्फटिकातून मिळालेल्या रचनेत पी-२७चा ६९ अमिनो आम्लांचा, विकराला रोखणारा तुकडाच होता. हे निर्णायक शेपूट त्यात नव्हते. म्हणून स्फटिकाचे चित्र म्हणजे संपूर्ण प्रथिन असे समजू नये. अनेक कर्करोगांत पी-२७चे प्रमाण घटलेले आढळते. ते का घटते हे समजण्यासाठी चित्राबाहेर राहिलेल्या या शेपटाकडेच पाहावे लागते.