भिंतीआडचा एल्बो

बोरी अरबमधल्या आमच्या घराच्या मागच्या खोल्या आम्ही शिकणाऱ्या मुलांना भाड्याने देतो. न्हाणी सगळ्यांत एकच. ऐन एप्रिलमध्ये ओल्या फरशीवर तोल सावरताना एका मुलाने नळ धरला आणि नळ मुळापासून तुटून हातात आला. न्हाणीजवळ वॉल नव्हता. गच्चीवर जाऊन टाकी बंद करेपर्यंत बरंच पाणी वाहून गेलं, आणि उन्हाळ्यात आमच्या जिल्ह्यात पाण्याचं मोल काय असतं ते वेगळं सांगायला नको.

टाइल फोडल्यावर कारण दिसलं. नळ पितळेचा होता, पण मिस्त्रीने भिंतीत बसवलेल्या एल्बोचे आटे प्लास्टिकचे होते. पितळी नळ त्यात आवळला की प्लास्टिकवर ताण येतो. त्यात नळाला बादली अडकवणं, धरून उठणं रोजचंच, मग बारीक तडा जातो. त्याची चिन्हं आधी दिसतात: नळ हलतो, पाणी बंद असतानाही त्याच्या मुळाशी ओल राहते, भिंतीच्या दुसऱ्या बाजूचा रंग फुगतो.

म्हणून नवं काम काढाल तेव्हा पितळी आटे बसवलेलाच एल्बो आणायला सांगा, आणि तो समोर बघून घ्या. टाइल लावण्याआधी सगळे एल्बो प्लग लावून बंद करायचे, पाइप भरून रात्रभर ठेवायचा आणि सकाळी प्रत्येक सांध्यावरून कोरडा हात फिरवायचा. लाइनचा फोटो काढून ठेवला तर पुढे भलतीकडे छिद्र पडत नाही. न्हाणीबाहेर हाताला येईल असा एक वॉल हवाच, आणि तो कुठे आहे हे प्रत्येक मुलाला माहीत हवं.

नळ मी पाव फेऱ्यात बंद होणारेच घेते. जुन्या पद्धतीचा नळ घाईत आवळून आवळून आतला रबरी वायसर चेपतो आणि नळ ठिबकू लागतो. सेकंदाला एक थेंब म्हटलं तरी दिवसाला कित्येक लिटर पाणी जातं. पाव फेऱ्याच्या नळाला मात्र रेती सोसत नाही, म्हणून टाकीखाली जाळीचा फिल्टर लावा. सगळे नळ एकाच बनावटीचे ठेवा, म्हणजे एक सुटा स्पिंडल घरात असला की काम भागतं. बोअरच्या पाण्याचा पांढरा थर व्हिनेगरच्या फडक्याने निघतो. अ‍ॅसिडने नळाचं पॉलिश आणि फरशीचे सांधे दोन्ही जातात.

नियम थोडेच ठेवले आहेत. नळाला काही अडकवायचं नाही, त्यासाठी भिंतीत स्टीलचे हुक ठोकले आहेत. जाळीवरचे केस ज्याचे त्याने उचलायचे. नळ हलला किंवा ठिबकला तर त्याच दिवशी सांगायचं, आणि सांगणाऱ्याकडून दुरुस्तीचे पैसे घ्यायचे नाहीत. पैसे मागितले की मुलं गप्प बसतात, आणि तडा वाढत राहतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत न्हाणी बंद असेल तर आठवड्याला दोन मग पाणी जाळीत ओता. ट्रॅपमधलं पाणी सुकलं की गटाराचा वास आणि झुरळं थेट आत येतात.

तुमच्याकडेही खोल्या भाड्याने असतील, तर आजच प्रत्येक नळ हलकेच हलवून बघा.