तीन सोपीं आसनें व श्वासाची आठवण

संयुक्त राष्ट्रसंघाच्या २०१४ सालच्या ठरावान्वये २१ जून हा आंतरराष्ट्रीय योगदिन म्हणून २०१५ पासून पाळला जातो. त्या निमित्तानें घरीं करतां येतील अशीं तीन आसनें येथें सांगतों. जेवणानंतर निदान तीन-चार तास गेलेले असावेत.

पहिलें ताडासन. पावलें समांतर ठेवून उभें राहावें व शरीराचा भार टाचांवर आणि चवड्यांवर सारखा घ्यावा. मग श्वास घेत हात कानांजवळून वर न्यावे व टाचा उचलाव्या. श्वास सोडीत खालीं यावें. तोल जात असल्यास टाचा उचलूंच नयेत.

दुसरें भुजंगासन. घेरंडसंहितेंतील बत्तीस आसनांत याची गणना आहे. दिसावयास सोपें, परंतु बहुतेक मुलें चुकतात तीं येथेंच. पालथें निजून तळहात छातीच्या बाजूंस टेकावे व कोपरें अंगाशीं ठेवावीं. श्वास घेत प्रथम डोकें, मग छाती उचलावी. बेंबी जमिनीला लागलेलीच राहावी. आठवींतील एखादा उत्साही विद्यार्थी काय करतो? हातांनीं जोर देऊन कोपरें ताठ करतो. छाती पुष्कळ उंच जाते, तो खूषही होतो. पण खांदे कानांपर्यंत चढतात व सारा ताण कमरेच्या एका जागीं पडतो. अशा वेळीं तळहात जमिनीपासून किंचित् उचलावयास सांगावें. छाती जेवढी खालीं येईल, तेवढी ती हातांनीं उचललेली होती. जेवढी वर राहील, तेवढेंच पाठीच्या स्नायूंचें काम. ती उंची चार बोटेंच भरली तरी तेवढीच धरावी. गर्भवती स्त्रियांनीं, तसेंच अंतर्गळ असलेल्यांनीं अगर पोटाची शस्त्रक्रिया नुकतीच झालेल्यांनीं हें आसन करूं नये. कमरेंत कळ आल्यास लागलींच खालीं यावें.

आतां श्वासाविषयीं. आसन साधण्याच्या नादांत मुलें श्वास कोंडून धरतात आणि तें त्यांच्या ध्यानींही येत नाहीं. चेहरा लाल होणें व दांत आवळले जाणें या त्याच्या खुणा. आम्ही वर्गांत मुलांस आसनांत असतांना हळूच आंकडे मोजावयास लावतों. ज्याला बोलतां येत नाहीं, त्यानें श्वास धरला आहे असें समजावें.

तिसऱ्या शवासनांत ही संवय नीट लागते. उताणें निजून पाय थोडे फांकवावे, तळहात वर करावे. नाकानें चार अंक मोजीपर्यंत श्वास घ्यावा व सहा मोजीपर्यंत सोडावा. श्वास सोडतांना हृदयाचे ठोके किंचित् मंदावतात, म्हणून सोडण्याचा काळ अधिक ठेवितात. सहापर्यंत जातां जातां धाप लागत असेल, तर तीन व चार मोजावे, ओढाताण नको. पांच मिनिटांनीं एकदम न उठतां कुशीवर वळावें, क्षणभर थांबावें व हाताच्या आधारानें उठून बसावें.