कपाट, मेज आणि संगणकाची स्मृती

व्हर्च्युअल मेमरीच्या स्लाइड्स दाखवताना आम्हांला एक प्रश्न हमखास ऐकू येतो: स्मृती अपुरी असताना तिच्याहून मोठा प्रोग्राम चालतो तरी कसा? याचे उत्तर आम्ही ग्रंथालयात शोधतो.

कपाटात सुट्या पानांची एक पोथी आहे. वाचकाच्या मेजावर मोजकीच पाने मावतात. वाचन मात्र मेजावरच व्हायचे. कपाट म्हणजे डिस्क, मेज म्हणजे रॅम. प्रोग्रामचे सारखे तुकडे पाडतात. त्यांना 'पेज' म्हणतात आणि एका पेजचा आकार बहुधा ४,०९६ बाइट असतो. मेजावरील पान ठेवण्याची जागा म्हणजे 'फ्रेम'. कोणते पान कोणत्या जागी आहे, हे 'पेज टेबल' या नोंदवहीत लिहिलेले असते.

समजा, प्रोग्रामने ८,२०० हा पत्ता मागितला. त्याला ४,०९६ ने भागले की भागाकार २ आणि बाकी ८ येते. म्हणजे क्रमांक २ च्या पेजमधील आठवे स्थान, मोजणी शून्यापासून. ते पेज मेजावर नसेल, तर 'पेज फॉल्ट' होतो. प्रोग्राम थांबतो, ऑपरेटिंग सिस्टीम ग्रंथपालाप्रमाणे पान काढून आणते, नोंद बदलते आणि अडलेली सूचना पुन्हा चालवते. मेज भरलेले असेल, तर आधी एक पान उचलावे लागते. त्यावर काही लिहिले गेले असेल, तर ते कपाटात जपून ठेवावे लागते.

खरी अडचण येथेच आहे. मेजावर तीन जागा आहेत आणि वाचक १, २, ३, ४ ही पाने याच क्रमाने दोनदा वाचतो. सर्वांत जास्त वेळ न वाचलेले पान उचलायचे, असा नियम आहे. चौथ्या पानासाठी पहिले उचलले जाते; लगेच पहिलेच हवे होते, म्हणून दुसरे जाते; मग दुसरे हवे होते. आठ वाचनांत आठही वेळा कपाटाकडे धाव! मेजावर एकच जागा वाढवली, तर फेऱ्या चारच होतात.

रॅममधून वाचायला सुमारे शंभर नॅनोसेकंद लागतात, तर फिरत्या हार्डडिस्कला काही मिलिसेकंद, म्हणजे हजारो पट अधिक. म्हणून फेऱ्या वाढल्या की प्रोसेसर रिकामा बसतो आणि डिस्क अखंड राबते. या अवस्थेला 'थ्रॅशिंग' म्हणतात. लिनक्सवर ती ओळखण्यासाठी ही आज्ञा द्यावी:

```
vmstat 1
```

`si` आणि `so` या स्तंभांतील आकडे सतत मोठे राहिले, तर पानांची ये-जा थांबत नाही, असे समजावे. अशा वेळी वेगवान प्रोसेसर घेऊन काही साधत नाही; वाचकाला घाई करून मेज रुंद होत नाही. एक तर रॅम वाढवावी, नाही तर एकाच वेळी उघडलेले प्रोग्राम कमी करावेत. कपाट कितीही मोठे असले, तरी त्या घडीला लागणारी पाने मेजावर मावलीच पाहिजेत.