छायाचित्रातील तक्ता आणि हरवलेले ऋणचिन्ह

एका खेळाच्या तक्त्याचे छायाचित्र समोर आहे. एका डावातील निव्वळ लाभ, रुपयांत: −१०, ०, २०, ५०. पहिल्या तिघांच्या संभाव्यता ०.६०, ०.२०, ०.१५, चौथी बोटाच्या सावलीत झाकली गेली आहे. सर्वांची बेरीज १ असावी लागते, म्हणून ती ०.०५.

प्रत्येक लाभास त्याच्या संभाव्यतेने गुणून बेरीज केली की अपेक्षित मूल्य मिळते: −६ + ० + ३ + २.५ = −०.५. दर डावास सरासरी पन्नास पैसे तोटा.

अंधुक छायाचित्रात दहाचे ऋणचिन्ह सुटले, तर हेच मूल्य ११.५ येते! बेरजेची कसोटी ही चूक पकडत नाही. खेळाचा नियमच पाहावा: हरल्यास दहा रुपये जात असतील, तर चिन्ह ऋणच.

प्रचरण म्हणजे लाभांच्या विखुरलेपणाचे माप. त्यासाठी लाभांचे वर्ग संभाव्यतेने गुणावेत: ६० + ० + ६० + १२५ = २४५. त्यातून अपेक्षित मूल्याचा वर्ग, ०.२५, वजा करता २४४.७५ उरते, त्याचे वर्गमूळ, म्हणजे प्रमाण विचलन, सुमारे १५.६ रुपये. परस्परांवर अवलंबून नसलेल्या शंभर डावांत अपेक्षित तोटा ५० रुपये, प्रमाण विचलन मात्र सुमारे १५६. म्हणून तेव्हाही पुष्कळ खेळाडू नफ्यात दिसतात.