आधी रेघेची चाल सांगा, मग आकडा

समजा लिंबागणेशच्या बाजारात तुमचा सीताफळ रबडीचा गाडा आहे. ऑगस्ट ते नोव्हेंबरची विक्री अशी: 40, 55, 120 आणि 60 लिटर. व्हिडिओत आलेख दाखवून हेच चार आकडे वाचले, तर बघणारा पहिला आकडा लक्षात ठेवण्यातच अडकतो. रेघेकडे बघायचं राहूनच जातं.

म्हणून आधी दिशा सांगा: "डावीकडून उजवीकडे चार महिने आहेत. रेघ जितकी वर, तितकी विक्री जास्त." मग रेघेवर बोट फिरवत चाल सांगा: "आधी हळूहळू चढली, ऑक्टोबरला एकदम उसळली, नोव्हेंबरला घसरली." इथं दोन सेकंद थांबा. डोळ्यांना रेघ फिरून बघू द्या. आता आकडा द्या, तोही तुलनेतून: "ऑक्टोबरला 120 लिटर, म्हणजे ऑगस्टच्या तिप्पट. नोव्हेंबरला त्याच्या निम्मी." 55 बोलायची गरजच नाही, ते पडद्यावर दिसतंय.

एक चूक हमखास होते. उभी रेषा 0 ऐवजी 40 पासून सुरू केली, की ऑगस्टचा ठिपका तळाला टेकतो आणि विक्रीच नव्हती असं वाटतं. रेषा 0 पासूनच घ्या. जमत नसेल तर तसं बोलून सांगा.

तपासायचं कसं? घरातल्या कुणाला पडदा न दाखवता नुसता आवाज ऐकवा आणि कागदावर रेघ काढायला सांगा. ऑक्टोबरचा उंचवटा आला, की जमलं. नाही आला, तर "उसळली", "घसरली" ही क्रियापदं पुन्हा तपासा.