नोटीस लागण्याआधी

ती. आई-बाबांस,


परवा फोनवर आईला रडू आवरेना, बाबा गप्प झाले आणि सांगायचं ते राहूनच गेलं, म्हणून हे पत्र. पुढच्या महिन्यात आम्ही दोघं विवाह नोंदणी कार्यालयात लग्नाची नोटीस देणार आहोत. ती कार्यालयाच्या फलकावर लागते आणि ३० दिवस हरकतींची वाट पाहावी लागते. कुणी परक्याने ती वाचून तुम्हाला सांगावं, हे मला नको होतं.

आई, तू विचारलंस, "म्हणजे तू बाटणार का?" नाही. आम्ही १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने लग्न करतोय. त्यात मी हिंदूच राहतो आणि ती ख्रिस्तीच. वसईला चर्चमध्येही विधी होईल, कारण त्याशिवाय तिला ख्रिस्तप्रसाद घेता येणार नाही आणि तिच्या आजीला ते फार लागेल. त्यासाठी बिशपांची परवानगी काढावी लागते, धर्म बदलावा लागत नाही.

एक गोष्ट मात्र तुमच्यापासून लपवणार नाही. त्या परवानगीसाठी तिला वचन द्यावं लागतं, की मुलांचा बाप्तिस्मा व्हावा म्हणून ती आपल्याकडून होईल तेवढं करेल. माझ्याकडून वचन घेत नाहीत, मला फक्त त्याची कल्पना देतात. हे तिने मला लग्नाचा विषय निघाला त्याच दिवशी सांगितलं. मी पुष्कळ विचार केला. मुलांचा बाप्तिस्मा झालेला मला चालेल. ती गणपतीत तुझ्या हाताखाली मोदक वळतील आणि नाताळात वसईला जातील. तुला हे जड जाणार, हे मला कळतं. पण जिने पहिल्याच दिवशी एवढं अवघड खरं सांगितलं, तिच्यावर मी आयुष्यभर विसंबू शकतो.

बाबा, तुमची काळजी जमिनीची. या लग्नामुळे कायद्याने मी एकत्र कुटुंबातून विभक्त झालो असं धरतात, पण हिस्सा बुडत नाही. काका काही म्हणाले तर वकिलांना विचारून खात्री करून घ्या. वाटणी मी मागणार नाही, विहीर आणि मळा आहे तसाच राहू दे.

तिच्या घरी केळीची बाग आहे. तिची आजी अजून लाल लुगडं नेसते आणि त्यांच्या सामवेदी बोलीत माझ्याशी भरभरून बोलते. निम्मं मला समजत नाही, पण ताटात दुसऱ्यांदा वाढताना ती विचारत नाही, अगदी आपल्या आजीसारखी. या माणसांत मला परकं वाटलं नाही.

तिच्या आई-वडिलांना नोटिशीआधी गावी येऊन तुम्हाला भेटायचं आहे. तुम्ही म्हणाल त्या रविवारी घेऊन येतो. आणि बाबा, लग्नाला तीन साक्षीदार लागतात. त्यातली पहिली सही तुमची असावी, एवढीच विनंती.

तुमचा,
बाळू