किल्ली हातात, भोगवटा कुठे?

चार वर्षांपूर्वीच्या दसऱ्याला माळशिरसमधल्या आमच्या फ्लॅटची किल्ली बिल्डरने हातात ठेवली. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त होऊन वर्ष झालं होतं, फंडाचे बहुतेक पैसे त्या दोन खोल्यांत गेले होते. मी विचारलं, "भोगवटा प्रमाणपत्र?" तो म्हणाला, "बाई, कम्प्लिशन आलंय की. ओसी पंधरा दिवसांत येईल, तुम्ही मुहूर्त चुकवू नका." त्याने दाखवलेल्या कागदावर शिक्का होता, सही होती. मी घटस्थापनेला आणलेली कलशाची पितळी ताटं उचलली आणि राहायला गेले. ती किल्ली घेताना मी शेवटचे तीन लाखही देऊन टाकले. त्या दिवसानंतर बिल्डरला आमच्याकडून काहीच घ्यायचं उरलं नव्हतं.

तो कागद आर्किटेक्टचा पूर्णत्वाचा दाखला होता. इमारत बांधून झाली असं आर्किटेक्ट त्यात स्वतः सांगतो. भोगवटा प्रमाणपत्र वेगळं. नियोजन प्राधिकरण, म्हणजे आमच्याकडे नगरपंचायत, जागेवर येऊन मंजूर नकाशाशी बांधकाम ताडून पाहते आणि मग 'यात राहायला हरकत नाही' असं लिहून देते. पत्रावर आर्किटेक्टचं नाव असेल तर ते ओसी नव्हे. वर नगरपंचायतीचं किंवा नगरपरिषदेचं नाव, जावक क्रमांक, तारीख आणि मुख्याधिकाऱ्यांची सही बघायची. घरपट्टीची पावतीही पुरावा नव्हे. बेकायदा बांधकामालाही कर लागतो, आणि कर भरला म्हणून ते कायदेशीर होत नाही.

कायद्याने तर असा ताबा देता येतच नाही. १९६३ च्या महाराष्ट्र मालकी हक्क सदनिका अधिनियमाच्या तिसऱ्या कलमात बिल्डरने स्थानिक प्राधिकरणाच्या पूर्णत्वाच्या दाखल्याशिवाय ताबा देऊ नये असं आहे, आणि घेणाऱ्यानेही घेऊ नये असंही आहे. हे दुसरं वाक्य मी नंतर वाचलं.

आधी पाणी तुटलं. बिल्डरच्या बोअरवर आठ घरं चालत होती. मार्चमध्ये ती कोरडी पडली. आम्ही नळजोडणीचा अर्ज केला, तेव्हा कारकुनाने पहिलाच प्रश्न केला, "भोगवटा?" त्याचं चुकलं नव्हतं. उन्हाळाभर टँकर, आणि दर खेपेचे पैसे आठ घरांत वाटून घ्यायचे. विजेचं दुखणं दिसत नव्हतं, पण रोजचं होतं. बांधकामासाठी घेतलेली तात्पुरती जोडणी तशीच राहिली आणि आमच्या घरांना बिल्डरने सबमीटर लावले. तात्पुरत्या जोडणीचा दर घरगुतीपेक्षा जास्त. शिवाय स्वतःच्या मीटरवर पहिल्या शंभर युनिटांना जो कमी दर मिळतो, तो आम्हाला मिळायचाच नाही. बिल बिल्डरच्या नावाचं, त्यामुळे तो ते भरायला विसरला की आठही घरं अंधारात. मग १७ डिसेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने राजेंद्र कुमार बडजात्या प्रकरणात सांगितलं की वीज, पाणी आणि मलनिस्सारणाच्या जोडण्या पूर्णत्व किंवा भोगवटा प्रमाणपत्र दाखवल्यावरच द्याव्यात, आणि बँकांनीही ते तपासूनच इमारतीवर कर्ज द्यावं. त्यानंतर वीज कार्यालयात विनवण्या करून काही होणार नव्हतं.

विक्रीची गोष्ट आमच्या खालच्या मजल्यावर घडली. तिथल्या तरुण जोडप्याची बदली झाली. चोवीस लाखांना सौदा ठरला, बयाणाही आला. घेणाऱ्याच्या बँकेच्या वकिलाने सर्च रिपोर्टमध्ये मालकी निर्वेध लिहिली आणि शेवटी एक ओळ टाकली: भोगवटा प्रमाणपत्र आढळले नाही. कर्ज नाकारलं गेलं. दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदवायला ओसीची अडचण आली नसती, पण पैसे कर्जातून यायचे होते. शेवटी कर्ज न घेता विकत घेणारा माणूस मिळाला, साडेएकोणीस लाखांना. म्हणजे एका कागदाअभावी साडेचार लाख गेले. ताबा घेण्याआधी आपणच एखाद्या राष्ट्रीयीकृत बँकेत कर्जाची चौकशी करावी, कर्ज नको असलं तरी. बँकेचा वकील जे हुडकतो, ते आपल्याला हुडकता येत नाही.

रेराचं काय, असं सगळे विचारतात. आमची जागा साडेचार गुंठे, म्हणजे सुमारे ४५५ चौरस मीटर, आणि घरं आठ. ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जागेला किंवा आठ सदनिकांपर्यंतच्या प्रकल्पाला नोंदणीतून सूट आहे. तालुक्याच्या गावातल्या कितीतरी इमारती याच मापात बसतात, म्हणून त्यांचं महारेराच्या वेबसाइटवर काही सापडत नाही.

आम्हाला वाट दाखवली ती माहितीच्या अधिकाराने. दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांची मुदत, आणि मागितलं ते नेमकं: मंजूर नकाशाची प्रत, बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र, ओसीसाठी अर्ज आला का, आला असल्यास पाहणीचा अहवाल. उत्तर आलं की अर्जच आलेला नाही! नकाशा उघडला तेव्हा कारण कळलं. तळमजला पार्किंगसाठी मोकळा दाखवला होता. बिल्डरने दोन गाळे भिंतीने बंद करून दुकान केलं होतं. अर्ज केला असता तर पाहणीत पहिलं तेच दिसलं असतं.

आणि दुसरी गोष्ट आमची होती. आमच्यापैकी पाच घरांनी बाल्कनी काचेने बंद करून घेतल्या होत्या, मीही. परवानाधारक अभियंत्याने मोजमाप घेतलं आणि माझ्याकडे बघून सांगितलं, "बाई, हेही नकाशात नाही." जे नियमात बसतं त्याचा सुधारित नकाशा देऊन आणि तडजोड शुल्क भरून निकाल लागतो, जे बसत नाही ते पाडावं लागतं. ओसी मिळेपर्यंत घरात एकही भिंत किंवा काच वाढवू नका, हे मी आता प्रत्येकाला सांगते.

सोसायटी मात्र ओसीसाठी थांबवू नका. आम्ही दोन वर्षं उगाच थांबलो. आठ घरांत किमान पाच सभासद लागतात, ते होते. अर्ज करणं बिल्डरचं काम. तो करत नसेल तर सदनिकाधारकांना निबंधकाकडे जाता येतं. सोसायटी झाली की जमिनीच्या मानीव अभिहस्तांतरणाचा मार्ग खुला होतो, आणि २०१८ च्या शासन निर्णयाने ओसीऐवजी स्वयंघोषणापत्रावर तेही शक्य झालं आहे. पण त्या घोषणापत्रावर सही करण्याआधी ते वाचा, कारण त्याने ओसीची जबाबदारी सोसायटीच्या अंगावर येते. आम्ही ग्राहक तक्रार आधी केली.

तक्रारीला बळ मिळालं समृद्धी गृहनिर्माण संस्थेच्या निकालाने. मुंबईतल्या त्या इमारतीचा ताबा १९९७ मध्ये मिळाला होता, ओसी नव्हतं. रहिवाशांना पंचवीस टक्के जादा मालमत्ता कर आणि पन्नास टक्के जादा पाणीपट्टी भरावी लागत होती. राष्ट्रीय आयोगाने मुदतबाह्य म्हणून तक्रार फेटाळली. ११ जानेवारी २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ओसी न देणं ही सेवेतली त्रुटी आहे आणि ती रोज चालू राहणारी चूक आहे, म्हणून मुदत संपत नाही. आमच्यासारख्या इतका काळ गप्प बसलेल्यांना तोच आधार होता.

सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगापुढे आम्ही दोन गोष्टी मागितल्या: ठरावीक मुदतीत बिल्डरने ओसी मिळवावं, आणि जादा खर्च परत द्यावा. पहिल्या उन्हाळ्यातल्या टँकरच्या पावत्या नव्हत्या, तो खर्च वाया गेला. दुसऱ्या वर्षापासून मी प्रत्येक खेपेची पावती सहीनिशी घेऊन फायलीत लावली, आणि तेवढ्याच रकमेचा दावा टिकला.

गेल्या महिन्यात खालच्या दुकानाची भिंत पाडली. माझी बाल्कनीही उघडी झाली आहे. सकाळी ऊन येतं, धूळ येते. सुधारित नकाशा नगरपंचायतीत सादर झाला आहे, आणि सबमीटर अजून भिंतीवर आहे.